ॲव्हरेज दर टाकीला बदलतंय? गाडी उघडण्याआधी ODO आणि TRIP चा हिशोब तपासा

"दाजी, गाडीनं परत दगा दिला. पंधराच्या खाली आलीय." माझ्या मेव्हण्याचा असा फोन वर्षभरात तिसऱ्यांदा आला. त्याची पेट्रोल हॅचबॅक आहे, पाच वर्षांची, रनिंग पन्नास हजाराच्या आतबाहेर. एका टाकीला ॲव्हरेज पंधरा निघतं, पुढच्या टाकीला साडेएकोणीस, नंतर पुन्हा अठरा. प्रत्येक वेळी ॲव्हरेज पडलं की गाडी गॅरेजला जाते, इंजेक्टर क्लीन होतात, प्लग बदलतात, पुढची टाकी छान निघते आणि त्याच्या पुढची पुन्हा पडते.

हीच तक्रार मी ओळखीच्या निदान सात-आठ जणांकडून ऐकली आहे. त्यातल्या बहुतेकांच्या गाडीत काहीच बिघाड नव्हता. घोळ भागाकारात होता. किलोमीटर एका ठिकाणापासून मोजलेले आणि पेट्रोल दुसऱ्याच ठिकाणापासून. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. मेव्हण्याच्या गाडीचेच आकडे घेतो, कारण त्याला पंपाच्या पावतीचा आणि मीटरचा फोटो काढून ठेवायची सवय आहे. त्या सवयीमुळेच दोष सापडला.

दोन्ही मीटर मोजतात एकच गोष्ट

ओडोमीटर एक अंतर मोजतो आणि ट्रिप मीटर दुसरं, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. हल्लीच्या गाडीत चाकाजवळच्या किंवा गिअरबॉक्सवरच्या सेन्सरकडून ठोके येतात. चाक एक फेरा फिरलं की ठरावीक ठोके पडतात. मेव्हण्याच्या गाडीच्या टायरचा घेर एक मीटर नव्वद सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे एका किलोमीटरमध्ये चाक साधारण सव्वापाचशे वेळा फिरतं. कंपनीनं मीटरमध्ये भरून ठेवलेलं असतं की इतके ठोके झाले म्हणजे एक किलोमीटर झाला. हेच ठोके ODO ला जातात, हेच TRIP A ला आणि हेच TRIP B ला.

फरक आहे तो मोजणी कुठून सुरू होते आणि पडद्यावर किती दाखवली जाते, एवढाच. ODO कारखान्यातून निघाल्यापासून चालू असतो, तुम्हाला तो शून्य करता येत नाही. TRIP तुम्ही बटण दाबाल त्या क्षणी शून्यावर येतो. ODO पूर्ण किलोमीटर दाखवतो, TRIP दशांशापर्यंत, म्हणजे शंभर मीटरपर्यंत दाखवतो. आणि ODO ला पुढे भरपूर आकड्यांची जागा असते, तर बऱ्याच गाड्यांचा TRIP ९९९.९ झाला की न सांगता पुन्हा ०.० पासून सुरू होतो. काही गाड्यांत ही मर्यादा ९९९९.९ असते. तुमच्या गाडीची कोणती ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

जुन्या केबलवाल्या मोटरसायकलींवर हेच डोळ्यांनी दिसायचं. पुढच्या चाकातून केबल वर यायची, ती अंकांची छोटी चाकं फिरवायची आणि शेवटचं, दशांशाचं चाक वेगळ्या रंगाचं असायचं. केबल तुटली की काटा आणि आकडे दोन्ही थांबायचे. पेट्रोल मात्र जळतच राहायचं आणि महिन्याच्या शेवटी मालक म्हणायचा की गाडी फार पिते. अशा गाडीवर ॲव्हरेज एकदम निम्म्यावर आलं तर आधी केबल बघा.

मेव्हण्याची वही

त्याच्या फोटोंवरून मी हा तक्ता केला. चारही वेळा टाकी फुल केलेली आहे.

| फुल | ODO | TRIP A | लिटर |
|---|---|---|---|
| पहिली | ४८,२१२ | ०.० केला | मोजायचे नाहीत |
| दुसरी | ४८,६४१ | ४२८.६ | २३.८० |
| तिसरी | ४८,९८० | ३१०.६ | २०.७३ |
| चौथी | ४९,४०५ | ४२४.७ | २१.७१ |

पहिल्या ओळीत लिटर का लिहिले नाहीत, हे आधी सांगतो, कारण अर्धे घोटाळे इथेच होतात. पहिल्या फुलला जे पेट्रोल टाकीत गेलं ते आधी पळालेल्या अंतराची भरपाई आहे. ते अंतर आपण मोजलेलंच नाही. तिथून गाडी ४२९ किलोमीटर पळाली आणि दुसऱ्या वेळी टाकी पुन्हा त्याच पातळीला यायला २३.८० लिटर लागले. म्हणजे त्या ४२९ किलोमीटरचं पेट्रोल २३.८० लिटर. आजचे किलोमीटर आणि आजचेच लिटर, ही जोडी. मागच्या वेळी भरलेल्या लिटरनी आजच्या किलोमीटरला भागलं की उत्तर चुकलंच. हे वाचायला सोपं वाटतं, पण "मागच्या वेळी इतकं भरलं होतं, त्यावर इतकी पळाली" असा हिशोब करणारे खूप भेटतात.

आता दुसरी ओळ बघा. ODO ची वजाबाकी ४२९ येते आणि TRIP A सांगतो ४२८.६. मेव्हणा यावरही अडला होता, दोन्ही मीटर एकाच गाडीचे तर फरक का? कारण ODO दशांश टाकून देतो. खरा आकडा ४८,२१२.६ असला तरी तो ४८,२१२ दाखवणार, आणि ४८,२१२.९ असला तरीही ४८,२१२ च. तो जवळच्या पूर्णांकाकडे जात नाही, पूर्ण झालेले किलोमीटर तेवढे दाखवतो. सुरुवातीच्या आणि शेवटच्या दोन्ही आकड्यांत असा तुकडा गेलेला असतो, म्हणून वजाबाकी खऱ्या अंतरापेक्षा थोडी जास्तही येऊ शकते आणि थोडी कमीही. पण चूक एक किलोमीटरपर्यंत कधीच पोचत नाही.

ही मर्यादा लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण तीच पुढे चोर पकडून देते. चारशे किलोमीटरच्या टाकीत एक किलोमीटर म्हणजे पाव टक्का, तिकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. पण घर ते ऑफिस बारा किलोमीटरचं अंतर ODO वरून काढलंत तर एक किलोमीटरची चूक आठ टक्क्यांची होते. म्हणून जवळचं अंतर TRIP वर मोजावं. टाकी ते टाकीच्या हिशोबाला ODO पुरतो, आणि पुढे दिसेल की तोच जास्त भरवशाचा आहे.

तिसरी ओळ: पंधराच्या खाली

याच टाकीनंतर तो फोन आला होता. मेव्हण्याने TRIP A चे ३१०.६ घेतले, २०.७३ ने भागले, उत्तर १४.९८. त्याआधीची टाकी अठराची होती. घाबरणं साहजिक होतं.

आता ODO लावून बघा. ४८,९८० वजा ४८,६४१ म्हणजे ३३९. आणि TRIP A म्हणतो ३१०.६. फरक अठ्ठावीस किलोमीटरच्या वर आहे. दशांश टाकून दिल्यामुळे जास्तीत जास्त एका किलोमीटरचा फरक पडतो, हे आपण आत्ताच पाहिलं. मग उरलेले सत्तावीस-अठ्ठावीस कुठे गेले? दोन्ही मीटरना ठोके तर एकाच सेन्सरकडून येतात. एक मीटर कमी मोजतोय आणि दुसरा बरोबर, असं होत नाही. म्हणजे TRIP A उशिरा शून्य झाला.

मी त्याला विचारलं, "दुसऱ्या फुलला तू बटण कधी दाबलंस?" त्याने आठवून सांगितलं. कोल्हापूरहून येत होता, साताऱ्याजवळ हायवेवरच्या पंपावर टाकी फुल केली, मागे गाड्यांची रांग होती म्हणून तसाच निघाला. घर भुईंजच्या पुढे. दारात गाडी लावली तेव्हा आठवण झाली आणि तिथे TRIP A शून्य केला. पंपापासून घर २९ किलोमीटर. तिढा सुटला. किलोमीटर घरापासून मोजले गेले आणि लिटर पंपापासून. २९ किलोमीटरचं पेट्रोल हिशोबात आलं, ते २९ किलोमीटर आलेच नाहीत.

ODO ची वजाबाकी घेतली की ३३९ भागिले २०.७३ म्हणजे १६.३५ येतात. पंधराच्या खालून सोळाच्या वर आलो, तेही बॉनेटला हात न लावता.

म्हणून माझा आग्रह असतो की वहीत ODO लिहाच, TRIP वर विसंबू नका. TRIP चुकून शून्य होतो, उशिरा शून्य होतो, दाबायचा A असतो आणि दाबला जातो B. काही गाड्यांत बॅटरी काढली की TRIP पुसला जातो, ODO तसाच राहतो. पोरांनी गाडीत बसून बटण दाबून ठेवलं तरी तो गेला. ODO ला यातलं काहीच लागत नाही. फोटो काढताना दोन्ही आकडे आले तर उत्तम. वजाबाकी आणि TRIP यांत एक किलोमीटरपेक्षा जास्त फरक दिसला, की समजा TRIP च्या बटणाशी काहीतरी झालंय.

पण १६.३५ तरी का?

अठरा ते सोळा हीदेखील पडझडच आहे. इथे किलोमीटर बरोबर होते, घोळ लिटरचा होता.

तिसऱ्या फुलची पावती बघितली तर बरोबर बावीसशे रुपयांची. रुपये असे गोल आले की मला लगेच शंका येते. मेव्हणा म्हणाला, दोन हजाराच्या आसपास ऑटो कट झाला होता, पंपावरच्या पोरानं विचारलं, "राउंड करू का?" आणि थांबत थांबत बावीसशे करून दिले. त्या दिवसाच्या भावाने दोनशे रुपयांचं पेट्रोल म्हणजे १.९ लिटर. ऑटो कटच्या वर, थेट नळीपर्यंत.

ऑटो कट कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं. पेट्रोल वाहत असताना त्या भोकातून हवा ओढली जाते. टाकीतलं पेट्रोल किंवा त्याचा फेस चढून भोक बुजलं की हवा थांबते, आत दाब बदलतो आणि नोझल बंद पडतं. म्हणजे ते टाकी मोजत नाही, टोकापर्यंत काहीतरी पोचलं एवढंच त्याला कळतं. वेगात भरलं तर फेस लवकर चढतो आणि लवकर कट होतो. नोझल कमी खोल धरलं, गाडी उतारावर उभी असली, तरी पातळी बदलते. प्रत्येक "फुल" सारखी नसते ती यामुळे.

तिसऱ्या फुलमधून ते जास्तीचे १.९ लिटर काढले तर १८.८३ उरतात. ३३९ भागिले १८.८३ म्हणजे १८.००. दुसऱ्या टाकीचं किती आलं होतं? ४२९ भागिले २३.८०, म्हणजे १८.०३. गाडी जशीच्या तशी होती.

आता चौथी ओळ, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिसऱ्या टाकीनंतर घाबरून गाडी गॅरेजला गेली, इंजेक्टर क्लीन झाले, बिल झालं. पुढच्या फुलला ४२५ किलोमीटरला २१.७१ लिटर लागले, ॲव्हरेज १९.५८. मेव्हणा खूश, मेकॅनिकही खूश. पण त्या टाकीच्या सुरुवातीलाच नळीत १.९ लिटर जास्त होते. गाडी आधी ते प्यायली आणि चौथ्या वेळी मात्र पहिल्या ऑटो कटला थांबवलं. म्हणून लिटर १.९ ने कमी दिसले. ते परत मिळवले तर २३.६१ होतात आणि ॲव्हरेज पुन्हा अठरा. मागच्या वेळी जेवढं जास्त भरलं, तेवढं या वेळी कमी लागलं. इंजेक्टर स्वच्छ झाले असतील, त्यावर माझा आक्षेप नाही, पण १९.५८ हा आकडा त्यांचा नव्हता.

त्यानंतरच्या पाचव्या फुलला ३८५ किलोमीटरला २१.३५ लिटर लागले, म्हणजे १८.०३. मेव्हण्याच्या लेखी "ॲव्हरेज परत पडलं". हा त्रास वर्षभर फिरून फिरून का येत होता ते यातून दिसतं. एक जास्त भरलेली टाकी आधी एक वाईट आकडा देते, मग एक फार चांगला आकडा देते, आणि तिसरा आकडा साधा असूनही वाईट वाटतो. वाईट आणि चांगल्याच्या मध्ये गॅरेज आलं की श्रेय गॅरेजला जातं.

यावर उपाय एकच, तीन-चार टाक्या एकत्र धरणं. पहिल्या आणि चौथ्या फुलच्या मधलं अंतर ४९,४०५ वजा ४८,२१२, म्हणजे १,१९३ किलोमीटर. लिटर २३.८० अधिक २०.७३ अधिक २१.७१, म्हणजे ६६.२४.

```
१,१९३ ÷ ६६.२४ = १८.०१
```

मधल्या टाक्यांत कमीजास्त काय भरलं ते आपोआप एकमेकांत जिरतं. चूक उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या पातळीची, आणि ती सहासष्ट लिटरवर पसरते. एक लिटरचा फरक राहिला तरी दीड टक्का. एका टाकीत हाच फरक पाच टक्क्यांचा झाला असता.

इथे एक खबरदारी घ्या. प्रत्येक टाकीचं ॲव्हरेज काढून त्यांची बेरीज करून तिनाने भागू नका. गाडी शंभर किलोमीटर गावात दहाने चालली आणि शंभर किलोमीटर हायवेला वीसने, तर ॲव्हरेज पंधरा होत नाही. पेट्रोल दहा अधिक पाच म्हणजे पंधरा लिटर गेलं आणि अंतर दोनशे झालं. उत्तर १३.३. आधी सगळे किलोमीटर आणि सगळे लिटर जोडायचे, भागाकार शेवटी एकदाच.

मध्ये कधी पाचशे रुपयांचं टाकलं असेल तर बिघडत नाही. पावतीवरचे लिटर वहीत लिहा, "फुल नाही" अशी खूण करा आणि पुढच्या फुलच्या लिटरमध्ये मिळवा. फक्त रुपये लिहून ठेवू नका, भाव बदलला की त्यातून लिटर काढणं अवघड होतं.

TRIP B वर १९३.० कसे?

चौथ्या फुलच्या फोटोत मेव्हण्याने TRIP B सुद्धा टिपला होता. पहिल्या फुलला त्याने A आणि B दोन्ही शून्य केले होते आणि B ला नंतर हात लावला नव्हता. त्यावर १९३.० होते. ६६ लिटरमध्ये १९३ किलोमीटर म्हणजे लिटरला तीन. हे पाहून तो म्हणाला, मीटरच खराब आहे.

मीटर ठीक होता. ९९९.९ नंतर तो ०.० वर आला आणि पुढे १९३ मोजले. हजार मिळवा, ११९३.० झाले, ODO च्या वजाबाकीशी अगदी जुळतात. दुचाकीवाल्यांना हा प्रकार फार भेटतो, कारण बरेच जण ऑइल बदललं की TRIP B शून्य करतात आणि पुढची सर्व्हिस त्यावर धरतात. दोन हजार किलोमीटर झालेले असतात आणि TRIP काही वेगळंच सांगतो. सर्व्हिससाठी ODO चा आकडाच स्टिकरवर लिहून टाकीखाली चिकटवा.

पडद्यावरचं ॲव्हरेज

मेव्हण्याचा आणखी एक प्रश्न होता. हातानं काढलं तेव्हा १४.९८ आलं आणि त्याच वेळी मीटरच्या पडद्यावर १८.९ दिसत होतं, मग खरं कोण?

पडद्यावरचा आकडा टाकीतलं पेट्रोल मोजून येत नाही. इंजेक्टर किती वेळ उघडा होता यावरून गाडी पेट्रोलचा हिशोब लावते आणि चाकाच्या त्याच ठोक्यांवरून अंतर घेते. त्याच्या गाडीत TRIP A शून्य केला की हे ॲव्हरेजही नव्याने सुरू होतं. काही गाड्यांत ते वेगळं पुसावं लागतं, काहींत पेट्रोल भरलं की आपोआप पुसलं जातं.

यामुळे झालं असं की त्याने घरी उशिरा बटण दाबलं, तरी पडद्याचं ॲव्हरेज बिघडलं नाही. कारण पडद्याने किलोमीटरही घरापासून धरले आणि पेट्रोलही घरापासूनच. दोन्हीची सुरुवात एका क्षणी झाली. मेव्हण्याच्या भागाकारात ती दोन वेगळ्या ठिकाणी होती. उशिरा दाबलेलं बटण पडद्याला चालतं, वहीला चालत नाही.

तरी १८.९ हेही जरा जास्तच आहे. वही अठरा सांगते, पडदा पाच टक्के चढा. पडदा थोडा खुशीत बोलतो, हे बऱ्याच गाड्यांत दिसतं. दर वेळी साधारण तेवढाच चढा असेल तर काळजी नको. या आठवड्यात घाटात कशी चालवली, मागच्या आठवड्यात कशी, हे ताडून बघायला तो चांगला आहे.

पडद्याच्या बाबतीत अजून एक गोष्ट. बटण दाबल्यावर पहिल्या दोन-चार किलोमीटरला आठ-नऊ दिसतं आणि लोक हादरतात. इंजिन थंड असतं, ते पेट्रोल जास्त घेतं, आणि भागायला किलोमीटर अजून झालेलेच नसतात. सिग्नलला एसी लावून उभं राहिलं तरी हेच होतं. ठोके बंद, म्हणून ODO आणि TRIP दोन्ही थांबलेले. इंजिन मात्र चालू, आणि छोटं पेट्रोल इंजिन असं तासभर उभं ठेवलं तर पाऊण ते एक लिटर सहज जातं. गावातली टाकी हायवेच्या टाकीपेक्षा कमी निघते, त्यात या उभ्या वेळेचा मोठा वाटा असतो. तो कोणत्याच मीटरवर किलोमीटर म्हणून दिसत नाही.

दोन्ही मीटर सारखेच चुकले तर

ODO आणि TRIP एकमेकांशी जुळतात म्हणून ते खरे, असं धरून चालू नका. ठोके एकच, म्हणून चूकही एकच. ही चूक टायरमधून येते.

टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो. तेवढंच अंतर जायला चाकाला जास्त फेरे घ्यावे लागतात, ठोके जास्त पडतात आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. नवा आणि पूर्ण झिजलेला टायर यांत हा फरक एक ते दोन टक्क्यांचा असतो. मोठ्या मापाचे टायर घातले तर उलट होतं, मीटर कमी दाखवतो, आणि मालक म्हणतो की टायर बदलल्यापासून ॲव्हरेज पडलं. काही प्रमाणात ते खरंही असतं, पण किती खरं आणि किती मीटरचं, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

मोजायला हायवेचे किलोमीटरचे दगड चांगले. एकच किलोमीटर मोजू नका, कारण रस्ता रुंद करताना आणि वळणं काढताना एखादा दगड इकडेतिकडे झालेला असतो. वीस किलोमीटर तरी घ्या. पहिल्या दगडाजवळून जाताना शेजारी बसलेल्याला TRIP शून्य करायला सांगा, चालवणाऱ्याने करू नये. मध्ये पेट्रोल पंपात किंवा धाब्यावर वळू नका. मोबाइलवर जीपीएसने अंतर मोजणारं ॲप लावलं तर दुहेरी खात्री होते. स्पीडोमीटरच्या काट्यावरून मात्र हे ठरवू नका. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचा नाही असा नियम असल्याने कंपन्या तो मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. ती वाढ किलोमीटरच्या मोजणीत येत नाही.

आम्ही दोघांनी पुणे-सातारा रस्त्यावर रविवारी सकाळी हे केलं. दगडावर वीस किलोमीटर, TRIP वर २०.३. म्हणजे मीटर दीड टक्का जास्त सांगत होता. टायर पहिलेच होते, जवळपास पन्नास हजार किलोमीटर झालेले, नक्षी खाली गेलेली. म्हणून वहीतल्या १८.०१ ला २० ने गुणून २०.३ ने भागलं, १७.७४ आले. गाडीचं खरं ॲव्हरेज हे.

मग गाडीला दोष कधी द्यायचा?

ODO च्या वजाबाकीने, तीन-चार फुल एकत्र धरून, साधारण त्याच रस्त्यांवर ॲव्हरेज आधीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त पडलं, तर गाडी बघायला हवी. त्यातही आधी टायरची हवा बघा, तीही सकाळी, टायर थंड असताना. मग सात-आठ किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवून गाडी थांबवा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथला ब्रेक धरून बसतोय. हवा आणि ब्रेक ठीक निघाले तर एअर फिल्टर, क्लच, आणि इंजिन नीट गरम होतंय का ते मेकॅनिककडून बघून घ्या. त्याला "ॲव्हरेज पडलंय" एवढंच सांगू नका, वही दाखवा. कधीपासून आणि किती हे त्याला दिसलं तर तो उगाच इंजेक्टरपासून सुरुवात करणार नाही.

पंपाने कमी दिलं अशी शंका असेल तर ॲव्हरेजवरून भांडू नका, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, ते भरून दाखवायला सांगायचा ग्राहकाला हक्क आहे.

मेव्हणा आता पंपावरच, इंजिन चालू करायच्या आधी, TRIP A दाबतो. फोटोत पावती आणि ODO दोन्ही घेतो आणि पहिल्या ऑटो कटला हात वर करून थांबवतो. दिवाळीआधी त्याने टायर बदलले. बदलण्याआधी ODO चा आकडा वहीत लिहून त्याखाली रेघ मारली आणि नव्या टायरवर त्याच दगडांमध्ये पुन्हा मोजलं. या वेळी TRIP वर २०.० आले. रेघेखालचं ॲव्हरेज रेघेवरच्या १८.०१ शी न लावता १७.७४ शी लावायचं, हे त्याने स्वतःच समासात लिहून ठेवलंय.